पुस्तकाबाहेरची सिद्धता

गेल्या वर्षी वडगावला गणित शिक्षकांच्या सहविचार सभेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ठासून सांगितले की, विद्यार्थ्याने पुस्तकात नसलेल्या पद्धतीने उदाहरण सोडवले तर उत्तर बरोबर असले तरी गुण देऊ नयेत. परीक्षा शिकवलेल्या गोष्टीची असते, तपासणाऱ्याला प्रत्येकाच्या डोक्यात शिरायला वेळ नसतो आणि एकाला सूट दिली की दुसऱ्यावर अन्याय होतो, ही त्यांची तीन कारणे. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. मला बोलायला दोन मिनिटे मिळाली, आणि दोन मिनिटांत या प्रश्नाचे काहीच होत नाही. म्हणून हा लेख.

सभेत चर्चा हवेत चालली होती. मी ती एका उत्तरपत्रिकेवर आणतो. कामशेतला माझ्याकडे भूमिती समजून घ्यायला येणारी दहावीची एक मुलगी आहे. नाणे मावळातून रोज जीपने येते. तिच्या शाळेच्या सराव परीक्षेत भूमितीमध्याचे प्रमेय तीन गुणांना विचारले होते. ∆ABC मध्ये कोन B काटकोन, रेख BD लंब कर्ण AC, तर BD² = AD × DC हे सिद्ध करा. पुस्तकातली सिद्धता अशी: लंबामुळे झालेले ∆ADB आणि ∆BDC हे दोन्ही मूळ त्रिकोणाशी समरूप, म्हणून एकमेकांशी समरूप, म्हणून त्यांच्या संगत बाजू प्रमाणात, आणि त्या प्रमाणातून अपेक्षित समीकरण.

मुलीने समरूपतेचे नावही काढले नाही. तिने तिन्ही काटकोन त्रिकोणांना पायथागोरसचे प्रमेय लावले. पानावर होते ते एवढेच:

AB² = AD² + BD²
BC² = BD² + DC²
दोन्हींची बेरीज: AB² + BC² = AD² + DC² + 2BD²
पण AB² + BC² = AC² = (AD + DC)² = AD² + DC² + 2 × AD × DC
म्हणून BD² = AD × DC

गुण मिळाले शून्य. लाल शाईत शेरा होता की पायथागोरसचे प्रमेय पुस्तकात या प्रमेयानंतर येते, त्यामुळे सिद्धता ग्राह्य नाही. मुलीने मला विचारले, "सर, यात चुकलं कुठं?" या प्रश्नाला नेमके उत्तर देणे हे शिक्षकाचे काम आहे. "असं चालत नाही" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

शेऱ्यामागे एक खरी भीती आहे, ती आधी मान्य करतो. गणितात एखादी गोष्ट सिद्ध करताना तिच्यावरच उभ्या असलेल्या दुसऱ्या गोष्टीचा आधार घेतला, तर आपण गोल फिरून होतो तिथेच येतो. प्रत्येक ओळ खरी असते, तरीही काही सिद्ध झालेले नसते. पायथागोरसचे प्रमेय जर भूमितीमध्याच्या प्रमेयातून काढलेले असते, तर मुलीची सिद्धता चक्राकार ठरली असती आणि शून्य योग्य होते. तेव्हा प्रश्न पुस्तकात आधी काय येते आणि नंतर काय, हा नाही. कशावर काय उभे आहे, हा आहे. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. वर्गातल्या भांडणांपैकी अर्धी भांडणे त्यांना एक समजल्यामुळे होतात.

दहावीच्या पुस्तकात भूमितीमध्याचे प्रमेय आणि पायथागोरसचे प्रमेय लागोपाठ येतात. पायथागोरसची तिथली सिद्धता नीट वाचा. ∆ABC आणि ∆ADB समरूप, म्हणून AB² = AC × AD. ∆ABC आणि ∆BDC समरूप, म्हणून BC² = AC × DC. बेरीज केली की AB² + BC² = AC × (AD + DC) = AC². संपले. यात BD ची लांबी कुठेही लागत नाही. भूमितीमध्याचे प्रमेय पुस्तकातून खोडून टाकले तरी पायथागोरस जागचा हलत नाही. दोन्ही प्रमेये समरूपतेतून निघालेली आहेत आणि त्यांतले एकही दुसऱ्याच्या खांद्यावर उभे नाही. आधी कुठले छापायचे हा लेखकाच्या सोयीचा भाग आहे. शिवाय पायथागोरसचे प्रमेय ही मुले खालच्या इयत्तांपासून वापरत आली आहेत, ते त्यांना दहावीत पहिल्यांदा भेटत नाही.

याहून मोठा साक्षीदार युक्लिड. त्याच्या ग्रंथात समरूपता येते सहाव्या भागात, आणि भूमितीमध्याचा हा निष्कर्ष तिथे आठव्या प्रमेयाला जोडून येतो. पण पायथागोरसचे प्रमेय त्याने पहिल्याच भागात, सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर, केवळ क्षेत्रफळांच्या आधारे सिद्ध केलेले आहे. समरूपतेला तोवर हातही लागलेला नाही. आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी, चौदाव्या रचनेत, तो आयताएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढून दाखवतो. आयताच्या दोन बाजू एका रेषेत मांडायच्या, त्या पूर्ण रेषेवर अर्धवर्तुळ काढायचे आणि जोडाच्या बिंदूतून लंब उभा करायचा. तो लंब हीच चौरसाची बाजू. म्हणजे हे आपले BD² = AD × DC च झाले. त्याची सिद्धता युक्लिडने केली आहे ती पायथागोरसने आणि एका बैजिक नित्यसमानतेसारख्या प्रमेयाने, समरूपतेच्या चार भाग आधी. नाणे मावळातल्या मुलीने काही चमत्कारिक केले नव्हते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी रुळलेल्या वाटेच्या अगदी जवळून ती गेली होती, आणि ती वाट आहे हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

आपल्याकडची साक्षही आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितातली चार काटकोन त्रिकोणांची आकृती आठवा. कर्णावरच्या चौरसात चार त्रिकोण बसवले की मधे एक लहान चौरस उरतो, त्याची बाजू दोन भुजांमधला फरक. म्हणून c² = 4 × ½ab + (b − a)², म्हणजेच a² + b². इथेही समरूपता नाही. पायथागोरसचे प्रमेय इतक्या निरनिराळ्या पायांवर उभे राहू शकते की ते वापरणाऱ्याला "हे तुझ्या सिद्धतेवरच उभे आहे" असे म्हणणाऱ्याने ते कसे, हे दाखवले पाहिजे. त्या शेऱ्यात ते दाखवलेले नव्हते. माझ्या मते त्या उत्तराला तीनपैकी तीन गुण द्यायला हवे होते.

इथवर माझी भूमिका सोपी आहे: प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून निघते का ते पाहा, निघत असेल तर पूर्ण गुण द्या. महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाच्या गणिताच्या आदर्श उत्तरांच्या आरंभी परीक्षकांना एक सूचना असते, ती मला बरीच वर्षे खटकत आली आहे. सूचनेचा आशय असा: शक्य तितक्या पर्यायी पद्धती इथे दिल्या आहेत, तरी विद्यार्थी आणखी वेगळी पद्धत वापरू शकेल. तसे झाले तर ती पद्धत अभ्यासक्रमाच्या कक्षेत बसते का ते आधी पाहावे आणि मगच गुण द्यावेत. सूचनेचा पहिला अर्धा भाग उदार आहे. दुसऱ्या अर्ध्यामुळे तो उदारपणा परीक्षकाच्या मर्जीवर जातो. कक्षेत बसणे म्हणजे काय? शिकवलेले असणे? पुस्तकात असणे? पदविकेचा एखादा हुशार विद्यार्थी वाचनालयातून काही शिकून आला, तर ते त्याने विसरून परीक्षेला बसायचे का?

पण याच सूचनेने मला पुढे विचार करायला लावले, आणि तो विचार पायथागोरसच्याच प्रमेयावरून सुरू झाला. मुलीचे उदाहरण उलटे करू. समजा प्रश्न आहे, पायथागोरसचे प्रमेय सिद्ध करा, आणि विद्यार्थी लिहितो: AC कर्ण, कोन C ला θ म्हणू. AB = AC sin θ, BC = AC cos θ. वर्ग करून बेरीज केली तर AC² (sin²θ + cos²θ), आणि sin²θ + cos²θ = 1, म्हणून AB² + BC² = AC². चार ओळी, एकही खोटी नाही. तरीही मी इथे पूर्ण गुण देणार नाही, कारण याच पुस्तकाच्या त्रिकोणमितीच्या प्रकरणात ती नित्यसमानता पायथागोरसच्याच प्रमेयातून काढलेली आहे. अंतराच्या सूत्राने पायथागोरस सिद्ध करणाऱ्याचे तेच. ते सूत्र म्हणजे निर्देशकांच्या वेषातला पायथागोरस.

अमेरिकेतील गणिताचे शिक्षक एलिशा लूमिस यांनी पायथागोरसच्या साडेतीनशेहून अधिक सिद्धतांचा संग्रह केला. पुस्तक पहिल्यांदा 1927 मध्ये निघाले, वाढवलेली आवृत्ती 1940 ची. त्यात त्यांनी लिहून ठेवले की त्रिकोणमितीने सिद्धता असूच शकत नाही, कारण त्रिकोणमितीची सगळी मूळ सूत्रे या प्रमेयावरच टेकलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांनी ते मान्य केले आणि वरच्यासारखे उत्तर लिहिणाऱ्या मुलांना चूक ठरवले. मग 2009 मध्ये जेसन झिंबा यांनी दाखवले की हे खरे नाही. दोन कोनांच्या फरकाच्या साइन आणि कोसाइनची सूत्रे पायथागोरसशिवाय, आकृतीवरून काढता येतात, आणि त्यांच्यातून sin²θ + cos²θ = 1 ही नित्यसमानताही स्वतंत्रपणे मिळते. पुढे न्यू ऑर्लीन्समधल्या सेंट मेरीज अकॅडमीच्या नकिया जॅक्सन आणि कॅल्सिया जॉन्सन या दोन विद्यार्थिनींनी शाळेच्या गणित स्पर्धेतल्या एका जादा प्रश्नावरून सुरुवात करून साइनच्या नियमाने आणि अनंत भूमितीय श्रेढीच्या बेरजेने नवी सिद्धता दिली. मार्च 2023 मध्ये त्यांनी ती अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अटलांटातील बैठकीत मांडली, आणि 2024 च्या ऑक्टोबरात अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीमध्ये त्यांचा लेख आणखी सिद्धतांसह छापून आला.

या हकिगतीतून लोक सहसा "मुलांना कमी लेखू नका" एवढाच बोध घेतात. मला तिच्यातून एक अडचण दिसते. झिंबांचे म्हणणे खरे असेल, तर माझ्या चार ओळी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची सिद्धता चक्राकार नाही. त्याने वापरलेली नित्यसमानता स्वतंत्रपणे सिद्ध होते, जगात कुठेतरी तशी सिद्धता छापलेली आहे. मग त्यालाही पूर्ण गुण द्यायचे का? मघाच्या माझ्या सोप्या कसोटीप्रमाणे द्यावे लागतील. आणि मन मानत नाही, कारण झिंबांचे नावही त्याने ऐकलेले नाही. त्याच्या डोक्यात त्या नित्यसमानतेचा आधार पायथागोरस हाच आहे.

म्हणून ती कसोटी पुरत नाही आणि तिला दुसरा अर्धा जोडावा लागतो. पायरीमागून पायरी निघते का, हे पाहायचेच. त्याबरोबर, विद्यार्थी ज्या गोष्टीला सिद्ध झालेली मानून सुरुवात करतो, ती ज्या रूपात त्याच्यापर्यंत पोहोचली त्या रूपात, सिद्ध करायच्या विधानावर टेकलेली नाही ना, हेही पाहायचे. नाणे मावळातल्या मुलीला पायथागोरसचे प्रमेय पुस्तकातून मिळाले, आणि पुस्तकातली त्याची सिद्धता भूमितीमध्यावर टेकलेली नाही, म्हणून तिला पूर्ण गुण. त्रिकोणमिती वापरणाऱ्याला नित्यसमानता ज्या पुस्तकातून मिळाली, तिथे ती पायथागोरसवर टेकलेली आहे, म्हणून त्याला नाहीत. पण जॅक्सन आणि जॉन्सनसारखे कोणी साइनच्या नियमापासून सुरुवात करून पायथागोरसला न शिवता पानावर पुढे जात असेल, तर त्याला पूर्ण गुण, मग ते दहावीच्या अभ्यासक्रमात असो वा नसो. पुस्तकाबाहेरचा आधार घ्यायची मोकळीक हवी, फक्त तो आधार स्वतः दाखवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

तंत्र शिक्षण मंडळाच्या सूचनेत खरे काय आहे ते मला इथे सापडते. अभ्यासक्रमाची कक्षा म्हणजे कोणते आधार न दाखवता वापरता येतील याची यादी. कोणत्या वाटेने जावे, याची ती यादी नव्हे. सूचना अशी वाचली तर ती न्याय्य आहे. अकरावीतली मर्यादा घ्या. x शून्याकडे जाताना sin x भागिले x ची मर्यादा काढायला सांगितली की सीईटीच्या शिकवणीला जाणारी मुले लोपितालचा नियम लावून अंश आणि छेदाचे विकलन करतात, cos 0 म्हणजे 1 उत्तर काढतात. परीक्षक "नियम अभ्यासक्रमात नाही" म्हणून गुण कापतो आणि मुलाला अन्याय झाल्यासारखे वाटते. गुण कापणे बरोबर आहे, कारण चुकीचे दिले जाते. sin x चे विकलन cos x आहे हे काढायलाच ही मर्यादा लागते, हे खरे कारण. ते मुलाला सांगितले तर तो गणित शिकतो. पहिले कारण सांगितले तर तो एवढेच शिकतो की परीक्षेत हुशारी लपवावी.

प्रश्नातच पद्धतीचे नाव असेल तर वाद उरत नाही. "क्रेमरच्या पद्धतीने सोडवा" किंवा "पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा" असे म्हटले असेल, तर तपासायची आहे ती पद्धतच, आणि चलाचा लोप करून काढलेल्या बरोबर उत्तराला पूर्ण गुण मागता येत नाहीत. पण हाच नियम उलटाही लागू होतो. प्रश्नात नुसते "वर्गसमीकरण सोडवा" असेल आणि x² − 5x + 6 = 0 ला मुलाने 2 आणि 3 घालून दोन्ही ठिकाणी शून्य येते हे दाखवले, वर्गसमीकरणाला दोनांपेक्षा जास्त मुळे नसतात हे लिहिले, तर उत्तर पूर्ण आहे. ते शेवटचे वाक्य नसेल तर अपूर्ण आहे. आणखी मूळ नाही, हे मग कोणी सांगितले? इथे अर्धा गुण कापायला कारण आहे, आणि ते कारण बोट ठेवून दाखवता येते.

आता वेळेचा मुद्दा. परीक्षकाकडे गठ्ठे असतात, आदर्श उत्तरातली पायरी शोधायची आणि अर्धा-एक गुण टाकायचा ही त्याच्या हाताची सवय झालेली असते. वेगळी सिद्धता समोर आली की त्या पायऱ्या सापडत नाहीत आणि हात शून्याकडे जातो. यावर उपाय असा की गुण पायऱ्यांना न देता कल्पनांना द्यावेत. त्या मुलीच्या उत्तरात तीन कल्पना आहेत: लहान दोन त्रिकोणांना पायथागोरस लावणे, मोठ्या त्रिकोणाला लावून दोन्हींची सांगड घालणे, आणि AC ला AD + DC लिहून वर्गविस्तार करणे. प्रत्येकीला एक गुण. कोणी पहिल्या दोन ओळींवर थांबला तर एक गुण, कोणी (AD + DC)² च्या विस्तारात 2 विसरला तर दोन. हे ठरवायला पाच मिनिटे लागतात, आणि ती प्रत्येक उत्तरपत्रिकेला नव्हे, प्रत्येक नव्या पद्धतीला लागतात.

राहिला समानतेचा मुद्दा, आणि माझ्या सहकाऱ्यांच्या तीन कारणांतले मला गंभीर वाटते ते हेच. एका परीक्षकाने तीन दिले आणि शेजारच्याने त्याच सिद्धतेला शून्य दिले, तर तो अन्यायच. पण यावरचा उपाय दोघांनी शून्य देणे हा असू शकत नाही. बोर्डाच्या व्यवस्थेत परीक्षकावर नियामक असतो आणि त्याच्यावर मुख्य नियामक. वेगळी पद्धत दिसली की परीक्षकाने स्वतः निकाल न लावता ती नियामकाकडे द्यावी. तिचा एकदा निर्णय व्हावा, गुणविभागणी ठरावी आणि ती सगळ्या परीक्षकांपर्यंत जावी. समानता अशी येते. सध्या हे काम आपण निकालानंतर विद्यार्थ्याच्या गळ्यात टाकतो. त्याने आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा, दोन्हींचे शुल्क भरायचे. आपली सिद्धता बरोबर होती हे ज्याला स्वतःला कळते आणि ज्याच्या घरी तेवढे पैसे सहज निघतात, तोच हे करतो. भाताच्या दोन खाचरांवर ज्यांचे घर चालते, त्यांची मुले "सरांनी दिले ते बरोबरच असतील" म्हणून गप्प बसतात.

त्या मुलीच्या शाळेतले गुण बदलले नाहीत. सराव परीक्षा होती, बोर्डाच्या परीक्षेत मात्र पुस्तकातलीच सिद्धता लिहायला मी तिला सांगितले, कारण तिच्या वर्षाचा धोका मला पत्करायचा नव्हता. तिने ती पाठ केली. पण तिची स्वतःची सिद्धता तिला समजलेली आहे आणि पुस्तकातली फक्त आठवते, हा फरक तिच्याशी पाच मिनिटे बोलले तरी कळतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा गठ्ठे येतील. माझी मावळातल्या आणि मावळाबाहेरच्या गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे की वेगळ्या सिद्धतेला शून्य देण्याआधी ती नेमकी कुठल्या ओळीवर तुटते, किंवा तिचा कुठला आधार सिद्ध करायच्या विधानावर टेकलेला आहे, ते त्या ओळीशेजारी लिहा. लिहिता येत असेल तर गुण कापा. लिहिता आले नाही तर पूर्ण गुण द्या, आणि ती सिद्धता नियामकांकडे पाठवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आदर्श उत्तरात ती पर्यायी पद्धत म्हणून येईल.